शेरा तोच, साल वेगळे
(यवतमाळ जिल्ह्यातील सहकारी पतसंस्थांच्या सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज मी सहकाराच्या इतिहासावर किंवा तत्त्वज्ञानावर बोलणार नाही. आपल्या पतसंस्थेकडून दरवर्षी जो लेखापरीक्षण अहवाल सर्वसाधारण सभेपुढे येतो आणि 'वाचला असे समजून मंजूर' या चार शब्दांत ज्याची बोळवण होते, तो अहवाल कसा वाचावा आणि त्यावर सभेत काय विचारावे, एवढाच आजचा विषय आहे.

विषय यवतमाळातच मांडण्याला एक कारण आहे. या शहरातील बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१मध्ये निर्बंध आणले आणि ठेवीदाराला पाच हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम काढता येईना. पुढे नोव्हेंबर २०२२मध्ये त्या बँकेचा परवाना रद्द झाला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने जे निवेदन काढले, त्यानुसार सुमारे ७९ टक्के ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाकडून त्यांची पूर्ण रक्कम मिळणार होती. फेब्रुवारी २०२०मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली होती. २०२१च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली होती. या दोन गोष्टींमुळे अनेक कुटुंबे सावरली.

परंतु आपल्यापैकी बहुतेकांची ठेव केवळ बँकेत नाही, ती पतसंस्थेतही आहे, आणि हा ठेव विमा पतसंस्थेला लागू नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली संस्था आहे आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना तिला नसतो. तिच्या दारात संकट आले तर नव्वद दिवसांत पैसे देणारे महामंडळ मागे उभे नसते. म्हणून पतसंस्थेच्या ठेवीदाराला संकटाची चाहूल आधी लागली पाहिजे. ती चाहूल देणारा, कायद्याने दरवर्षी तयार होणारा आणि सभासदाला पाहता येणारा कागद एकच आहे. तो म्हणजे लेखापरीक्षण अहवाल.

आधी आपले सभासदत्व तपासा

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. आपण संस्थेचे नेमके कोण आहोत? अनेक ठेवीदारांकडून ठेव ठेवताना किरकोळ शुल्क घेऊन त्यांना 'नाममात्र सभासद' करून घेतलेले असते. नाममात्र सभासदाला मताधिकार नसतो. म्हणजे ज्याने दहा लाखांची ठेव ठेवली, त्याला सभेत हात वर करता येत नाही आणि ज्याच्या नावावर थोडे भाग आहेत, तो मत देतो. घरी गेल्यावर भाग दाखला आहे का ते पाहा. नसेल, तर उपविधीतील पात्रतेनुसार भाग घेऊन नियमित सभासद होण्याचा अर्ज करा. पुढील सगळे विवेचन नियमित सभासदासाठी आहे.

अहवाल कोठून वाचावा

लेखापरीक्षण अहवाल हातात आला की आपली दृष्टी प्रथम नफ्याच्या आकड्यावर आणि लेखापरीक्षण वर्गावर जाते. 'अ' वर्ग दिसला की मन निश्चिंत होते. बंधूंनो, वर्ग हा गुणांच्या बेरजेतून ठरतो. एखाद्या विद्यार्थ्याची एकूण टक्केवारी चांगली असूनही तो गणितात नापास असू शकतो. आपल्याला त्याच्या गणिताचा पेपर पाहायचा आहे.

म्हणून प्रथम लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र काढा. ते बहुधा एका पानाचे असते. त्यात ताळेबंद संस्थेची खरी व वाजवी स्थिती दर्शवितो, असे वाक्य असते. त्या वाक्याच्या आधी किंवा नंतर 'भाग अ मधील शेऱ्यांच्या अधीन राहून' असे शब्द आहेत का, ते पाहा. 'अधीन राहून' हे दोन शब्द लहान असले तरी त्यांचा अर्थ मोठा आहे. लेखापरीक्षक त्यातून सांगतो की, हा ताळेबंद बरोबर आहे, पण मी ज्या त्रुटी दाखवल्या त्या वगळून. मग त्या त्रुटींची रक्कम किती, हे शोधणे आपले काम.

आपल्याकडील अहवालाचे सामान्यतः तीन भाग असतात. भाग 'अ'मध्ये तातडीने लक्ष घालण्याजोग्या गंभीर बाबी असतात. गैरव्यवहार, कायदा वा उपविधींचा भंग, मागील वर्षांचे न सुटलेले आक्षेप, बुडण्याची शक्यता असलेल्या रकमा हे सगळे तेथे येते. भाग 'ब'मध्ये कामकाजाविषयीचे सर्वसाधारण शेरे असतात आणि भाग 'क'मध्ये तक्ते व परिशिष्टे. घरच्या वाचकाने भाग 'अ' पूर्ण वाचावा, भाग 'ब' चाळावा आणि भाग 'क'मधून लागतील तेवढेच तक्ते काढावेत.

आता आजच्या भाषणातील मुख्य मुद्दा. एका वर्षाचा अहवाल वाचून फारसे काही कळत नाही. लागोपाठ तीन वर्षांचे तीन अहवाल शेजारी-शेजारी ठेवा. आक्षेप असणे हा दोष नव्हे. ज्या संस्थेच्या अहवालात एकही आक्षेप नाही, त्या संस्थेपेक्षा त्या लेखापरीक्षकाविषयी मला अधिक शंका येते. दोष तेथे आहे जेथे शेरा तोच राहतो, साल बदलते आणि त्या शेऱ्यापुढील रक्कम वाढत जाते.

एक उदाहरण सोडवून पाहू

समजण्यासाठी आपण एका काल्पनिक पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. आकडे मी मांडलेले आहेत, परंतु शेऱ्यांची भाषा आपल्याला आपल्या अहवालात भेटेल. तालुक्याच्या गावातील ही संस्था. ठेवी सहा कोटी, कर्जे साडेचार कोटी, भागभांडवल चाळीस लाख आणि राखीव व इतर निधी मिळून तीस लाख. यंदाचा नफा नऊ लाख रुपये. संचालक मंडळाने आठ टक्के लाभांश सुचवला आहे. सभागृहात टाळ्या पडण्याजोगे चित्र आहे.

आता भाग 'अ' उघडू. पहिला शेरा असा : 'थकीत कर्जांवरील येणे व्याज रु. १४ लाख उत्पन्नात घेतले असून त्याची तरतूद केलेली नाही.'

याचा अर्थ सोप्या शब्दांत पाहू. एखाद्या कर्जदाराने दोन वर्षे हप्ता भरलेला नाही. त्याच्याकडून व्याज आले नाही, तरी संस्थेने ते 'येणे आहे' म्हणून वहीत लिहिले आणि त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवले. पैसा तिजोरीत आला नाही, पण नफ्यात आला. असे येणे व्याज जमेस धरले तर तेवढीच तरतूद दुसऱ्या बाजूला करावी लागते, म्हणजे नफा फुगत नाही. ती तरतूद येथे केलेली नाही.

आता मागील अहवाल काढा. गेल्या वर्षी हाच शेरा होता, रक्कम नऊ लाख. त्याच्या आदल्या वर्षी पाच लाख. पाच, नऊ, चौदा. येथे एक काळजी घ्या. चौदा लाख ही साचलेली रक्कम आहे, ती सगळी यंदाची नव्हे. यंदा वाढले ते पाच लाख. म्हणजे यंदाच्या नफ्यातून चौदा नव्हे, पाच लाख वजा करायचे. उरलेले नऊ लाख मागील वर्षांच्या नफ्यात आधीच मिसळले आणि त्यातून लाभांशही वाटला गेला. सभेत चौदा लाख वजा करून बोलणारा सभासद अध्यक्षांकडून एका वाक्यात खाली बसवला जातो. म्हणून हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

दुसरा शेरा : 'बुडीत व संशयित कर्ज निधीची तरतूद रु. ११ लाखांनी कमी आहे.' कर्ज जितके जुने थकलेले, तितकी अधिक तरतूद करावी लागते. संस्थेने ती पूर्ण केली नाही. मागील वर्षी हीच तूट सात लाख होती. म्हणजे यंदाची वाढ चार लाख.

आता वजाबाकी करू. दाखवलेला नफा नऊ लाख. त्यातून पाच लाख येणे व्याजाचे आणि चार लाख तरतुदीचे गेले. उरले शून्य. यंदा या संस्थेला नफा झालेलाच नाही. अधिनियमाच्या कलम ६४नुसार निव्वळ नफ्याखेरीज संस्थेच्या इतर निधीतून लाभांश देता येत नाही. आठ टक्के लाभांश म्हणजे चाळीस लाखांवर तीन लाख वीस हजार रुपये. हे कोठून देणार? सरळ उत्तर असे की, ते ठेवीदारांच्या पैशातून जातील.

आता साचलेल्या रकमांची बेरीज करू. चौदा आणि अकरा मिळून पंचवीस लाख. निधी दिसतो तीस लाखांचा, पण त्यातील पंचवीस लाखांना या दोन शेऱ्यांनी आधीच छिद्र पडले आहे. खरा आधार उरला पाच लाखांचा. त्यानंतरचा धक्का प्रथम भागभांडवलाला आणि मग ठेवींना बसेल. एवढे सगळे भाग 'अ'मधील दोन ओळींत लिहिलेले होते आणि ते काढायला केवळ वजाबाकी लागली.

मार्चअखेरचे 'जुने-नवे'

तिसरा शेरा अधिक सूक्ष्म असतो. 'दि. २५ ते ३१ मार्च या काळात १७ कर्जखात्यांवर रु. ३८ लाखांची नवीन कर्जे मंजूर करून त्याच दिवशी त्याच कर्जदारांची जुनी कर्जे जमा करून घेतल्याचे दिसून येते.'

ग्रामीण भागातील प्रत्येकाला 'जुने-नवे' हा शब्द ठाऊक आहे. पीककर्जात कर्जदार पदरचे पैसे भरून कर्ज फेडतो आणि नव्या हंगामासाठी नवे कर्ज घेतो. त्यात काही गैर नाही. गैर तेथे होते जेथे पदरचा एक रुपयाही भरला जात नाही आणि नव्या कर्जाच्या चेकनेच जुने कर्ज फेडल्याचे दाखवले जाते. त्या दिवशी थकबाकीदार नियमित कर्जदार ठरतो, आणि एप्रिलमध्ये त्याचे नवे हप्ते थकू लागतात.

या संस्थेने थकबाकी बासष्ट लाख दाखवली आहे. साडेचार कोटींच्या कर्जावर ती साधारण चौदा टक्के होते. मार्चअखेर झाकलेले अडतीस लाख त्यात मिळवले तर थकबाकी एक कोटी, म्हणजे बावीस टक्क्यांच्या वर जाते. 'थकबाकी आटोक्यात आहे' असे अध्यक्ष मनोगतात सांगतात, तेव्हा हा शेरा आठवावा.

हा प्रकार अहवालात स्पष्ट शब्दांत आला नसेल तरी एक खूण असते. वर्षभरातील कर्जवाटपाचा महिनावार तक्ता पाहा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वाटप आणि वसुली दोन्ही एकदम उंच गेली आणि दोन्हींचे आकडे एकमेकांच्या जवळ असले, तर चौकशी करण्यास जागा आहे. मार्चमध्ये वसुली जोरात होते हे खरे. परंतु खऱ्या वसुलीने संस्थेची रोख किंवा बँकेतील शिल्लक वाढते. वहीतल्या वसुलीने ती वाढत नाही.

येथे यवतमाळ जिल्ह्याविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. आपल्याकडे कापूस बुडाला की शेतकऱ्याचे कर्ज थकते. दारव्हा असो की केळापूर, ही थकबाकी लबाडीची नसते. तिला मुदतवाढ द्यावी, हप्ते पाडावेत, पण ती उघडपणे थकबाकी म्हणून दाखवावी. म्हणून थकबाकीविषयी विचारताना केवळ टक्का विचारू नका, रचना विचारा. पन्नास हजारांच्या आतील थकीत खाती किती आणि त्यांची रक्कम किती? पाच लाखांवरील खाती किती आणि त्यांची रक्कम किती? अनेकदा असे दिसते की, खात्यांची संख्या लहान कर्जदारांची असते आणि रक्कम मोजक्या मोठ्यांची. वसुली अधिकारी मात्र लहानांच्या दारात उभा राहतो.

'पूर्तता केली आहे' याचा अर्थ

आक्षेप निघाल्यानंतर पुढे काय होते? अधिनियमाच्या कलम ८२नुसार, लेखापरीक्षणात दोष दिसून आले तर अहवालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत संस्थेने निबंधकांपुढे त्यांचा खुलासा करायचा, दोष दूर करण्याची कार्यवाही करायची, त्याचा अहवाल निबंधकांना द्यायचा आणि तो पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा. यालाच आपण दोषदुरुस्ती अहवाल म्हणतो. बहुतांश सभासदांनी हा कागद कधी पाहिलेला नसतो. माझ्या मते तो मूळ अहवालाइतकाच महत्त्वाचा आहे.

त्याची मांडणी सोपी असते. डाव्या बाजूला आक्षेप, उजव्या बाजूला संस्थेचा खुलासा. ही उजवी बाजू बारकाईने वाचा. तेथे तीन प्रकारची उत्तरे भेटतात.

पहिला प्रकार असा : 'तीन कर्जदारांकडून अमुक रक्कम वसूल, पावती क्रमांक अमुक, उरलेल्या दोघांवर वसुली दाखल्यासाठी अर्ज केला, अर्जाची तारीख अमुक.' हे उत्तर आहे. ते तपासता येते. दुसरा प्रकार : 'नोंद घेतली, यापुढे दक्षता घेण्यात येईल.' हे केवळ वचन आहे. कारकुनी चुकीला ते चालेल, रकमेच्या आक्षेपाला चालणार नाही. तिसरा प्रकार : 'पूर्तता केली आहे.' आणि पुढे काहीच नाही. हा शब्द ज्या आक्षेपापुढे लिहिला, तोच आक्षेप पुढील वर्षीच्या अहवालात पुन्हा आला असेल, तर मागील वर्षी निबंधकांना दिलेली माहिती खरी नव्हती, हे संस्थेच्याच दोन कागदांवरून सिद्ध होते. सभासदाच्या हाती यापेक्षा मोठा पुरावा क्वचितच येतो.

सभेपूर्वीचे काम

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. लेखापरीक्षण वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत पूर्ण व्हावयाचे असते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. सभेची सूचना निघण्यापूर्वी लेखापरीक्षण अहवाल संस्थेच्या हाती असला पाहिजे. त्यामुळे 'अहवाल अजून आलेला नाही' हे उत्तर सभेची सूचना काढणाऱ्या संस्थेला शोभत नाही.

छापील वार्षिक अहवालात पुष्कळदा ताळेबंद असतो, लाभांश असतो, संचालकांची छायाचित्रे असतात आणि नेमका भाग 'अ' नसतो. म्हणून सभेची सूचना हाती पडताच संस्थेच्या कार्यालयात जावे. कलम ३२नुसार सभासदाला कार्यालयीन वेळेत अंतिम लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभांचे व संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त विनामूल्य पाहता येते, तसेच स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदीही. लेखी मागणी करून आणि विहित शुल्क भरून या कागदांच्या प्रती मागता येतात आणि शुल्क भरल्यापासून एक महिन्याच्या आत त्या द्याव्या लागतात. भाग 'अ' आणि दोषदुरुस्ती अहवाल तर सभेपुढेच ठेवावयाचे कागद आहेत. त्यांचीही मागणी त्याच पत्रात करावी. मागणी तोंडी करू नये. दोन ओळींचा अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. सभेच्या सूचनेत लेखी प्रश्न किती दिवस आधी द्यावेत, हे बहुधा दिलेले असते. ती मुदत पाळावी. प्रश्न आधी दिला म्हणजे 'माहिती आत्ता उपलब्ध नाही' या उत्तराला जागा उरत नाही.

सभेत कोणते प्रश्न विचारावेत

दहा प्रश्नांचा भडिमार केला तर अध्यक्ष सोप्या दोहोंची उत्तरे देतात आणि वेळ संपतो. पाच पुरेत, आणि ते शक्यतो पाच वेगवेगळ्या सभासदांनी विचारावेत.

पहिला प्रश्न : मागील लेखापरीक्षण अहवालातील भाग 'अ'चे कोणते आक्षेप यंदाच्या अहवालात पुन्हा आले आहेत, आणि मागील दोषदुरुस्ती अहवालात त्यांच्यापुढे काय लिहिले होते? या एका प्रश्नात निम्मी सभा होते.

दुसरा प्रश्न : थकीत कर्जांवरील येणे व्याज आणि तरतुदीतील तूट पूर्ण केल्यास यंदाचा नफा किती राहतो? उत्तर शून्य किंवा त्याखाली असेल, तर लाभांशाचा ठराव मागे घ्यावा, अशी सूचना त्याच वेळी मांडावी. आपल्याच लाभांशाविरुद्ध बोलणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. पण ज्याचे भाग दोन हजारांचे आणि ठेव तीन लाखांची, त्याचा लाभांश आठ टक्क्यांनी एकशे साठ रुपये होतो. एकशे साठ रुपयांसाठी तीन लाख धोक्यात घालावेत का, एवढेच स्वतःला विचारावे.

तिसरा प्रश्न : संचालक आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जांचे विवरणपत्र कोठे आहे? हे विवरणपत्र वार्षिक सभेपुढे ठेवणे कलम ७५ खाली बंधनकारक आहे. ते सभेच्या कागदांत नसेल, तर मागणी करावी आणि मागणीची नोंद करवून घ्यावी.

चौथा प्रश्न : संस्थेची गुंतवणूक कोणत्या बँकांत आहे, प्रत्येकीत किती, आणि ३१ मार्चच्या शिलकेची त्या बँकांकडून आलेली लेखी खात्री लेखापरीक्षकाने पाहिली आहे का? याचे महत्त्व विशेष आहे. पतसंस्था आपला पैसा बँकेत ठेवते, तेव्हा ती त्या बँकेची एक ठेवीदार असते. बँक अडचणीत आली तर पाच लाखांचे विमा संरक्षण संस्थेला एक ठेवीदार म्हणून मिळते, तिच्या प्रत्येक सभासदाला वेगवेगळे नव्हे. ज्या संस्थेने आपले ऐंशी लाख एकाच बँकेत ठेवले, तिच्या पंचाहत्तर लाखांना विम्याचे छत्र नाही. यवतमाळकरांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

पाचवा प्रश्न : पुढील वर्षाचा लेखापरीक्षक कोण? शासनमान्य पॅनेलमधून लेखापरीक्षक नेमणे हा सर्वसाधारण सभेचा अधिकार आहे. पण विषयपत्रिकेत हा विषय शेवटी असतो आणि तोवर सभागृह जेवणाकडे वळलेले असते. 'लेखापरीक्षक नेमण्याचे अधिकार संचालक मंडळास देण्यात यावेत' असा ठराव आला, तर त्याला विरोध करावा. ज्याचे हिशेब तपासायचे, त्यानेच तपासनीस निवडावा, हे कोणत्याही घरात चालत नाही.

उत्तर मिळाल्यावर 'प्रश्न आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवावे' असे उभे राहून सांगावे. सभागृहातले बोलणे वाऱ्यावर जाते. उद्या चौकशी झाली, तर इतिवृत्त पाहिले जाते.

उत्तर मिळाले नाही तर

सभेत समाधान झाले नाही, तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, त्यानंतर यवतमाळच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते. तक्रारीत भावना लिहू नयेत. दोन वर्षांच्या आक्षेपांचे क्रमांक, रकमा आणि दोषदुरुस्ती अहवालातील उत्तर शेजारी मांडावे. एक पान पुरते. एकपंचमांश सभासदांनी अर्ज केल्यास कलम ८३ खाली चौकशी होऊ शकते. निबंधकांना ती स्वतःहूनही लावता येते. चौकशीत वा लेखापरीक्षणात संस्थेचे नुकसान कोणी केले हे निष्पन्न झाल्यास कलम ८८ खाली त्याच्यावर जबाबदारी निश्चित होऊ शकते. हिशेबासंबंधी गुन्हा घडल्याचे लेखापरीक्षकाला दिसले, तर त्याने निबंधकांकडे विशेष अहवाल द्यावयाचा आणि निबंधकांच्या लेखी परवानगीने प्रथम खबर नोंदवायची असते. त्यामुळे भाग 'अ'मध्ये 'अपहार' हा शब्द दिसला, तर 'विशेष अहवाल दिला का, कोणत्या तारखेला?' हा प्रश्न सभासदाने विचारलाच पाहिजे.

लेखापरीक्षणाची मर्यादाही ध्यानी घ्यावी. लेखापरीक्षक प्रत्येक पावती पाहत नाही, तो नमुना तपासतो. वहीत न आलेली ठेव, म्हणजे ठेवीदाराला दिलेली पावती आणि संस्थेच्या नोंदवहीत नसलेली रक्कम, त्याला सहज दिसत नाही. ती फक्त ठेवीदाराला पकडता येते. म्हणून वर्षातून एकदा आपल्या पासबुकातील शिल्लक संस्थेच्या खातावहीशी ताडून पाहावी आणि ठेव पावतीचा क्रमांक नोंदवहीत आहे ना, हे पाहावे.

शेवटी मनातील संकोचाविषयी बोलतो. आपल्या गावातील संस्थेचा अध्यक्ष आपला शेजारी असतो, एखादा संचालक नात्यातला असतो, काही ठिकाणी तर आपणच आग्रहाने त्यांना उभे केलेले असते. त्यांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्यावर संशय घेणे, असे आपल्याला वाटते. पण आपण प्रश्न माणसाला विचारत नाही, शेऱ्याला विचारतो. प्रामाणिक संचालकाला या प्रश्नाचा उपयोगच होतो. मोठ्या थकबाकीदाराच्या दारात जाताना 'सभेने विचारले आहे' एवढे त्याला सांगता येते आणि तेवढ्याने त्याचा हात बळकट होतो. या सभागृहात जे स्वतः संचालक आहेत, त्यांना माझी विनंती आहे की, यंदा भाग 'अ' आणि दोषदुरुस्ती अहवाल छापील वार्षिक अहवालातच द्यावेत. दोन-चार पाने वाढतील.

आणि इतरांना विनंती अशी की, या आठवड्यात संस्थेत जाऊन मागील तीन वर्षांचे भाग 'अ' मागा. पाच, नऊ, चौदा अशी एखादी ओळ त्यात दिसते का, ते पाहा. दिसली, तर ३० सप्टेंबरच्या आत तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे.